पृथ्वीचं परिवलन टेबलावर मोजताना: एक किलोमीटर फायबरच्या जायरोची सविस्तर बांधणी

फिरण्याचा वेग प्रकाशाने मोजणाऱ्या फायबर ऑप्टिक जायरोस्कोपचं सूत्र एका ओळीत मावतं. तरीही उपकरण बांधायला बसलं की पहिले काही आठवडे सिग्नलमध्ये फिरणं सोडून बाकी सगळं दिसतं: खोलीचं तापमान, वायरमधून शिरलेला व्होल्टेज, चुकीच्या कोनात जोडलेला फायबर. कारण या जायरोची खरी कारागिरी कलांतर, म्हणजे दोन प्रकाशलहरी एकमेकींच्या किती मागेपुढे आहेत ते, मोजण्यात नाही. एकाच वेटोळ्यातून उलटसुलट दिशांनी जाणाऱ्या दोन झोतांचे मार्ग इतके सारखे ठेवायचे की फिरण्याशिवाय दुसरं काहीही त्यांच्यात फरक पाडू शकणार नाही, हे खरं काम. पुढची सगळी पावलं या एकाच अटीतून निघतात.

उदाहरणासाठी एक ठरावीक रचना घेऊ: १,००० मीटर फायबर, १० सेंटीमीटर सरासरी व्यासाचं वेटोळं आणि १,५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश. लक्ष्य असं की पुण्यातल्या एखाद्या प्रयोगशाळेत टेबल स्थिर असताना पृथ्वीचं परिवलन स्पष्ट दिसावं.

कलांतर येतं कुठून

एका वर्तुळाकार मार्गावर एकाच बिंदूपासून दोन झोत विरुद्ध दिशांना सोडले आणि मार्ग स्थिर असला, तर दोघंही एकाच क्षणी परत येतात. मार्ग Ω या कोनीय वेगाने फिरत असेल, तर प्रकाश फेरी मारत असताना आरंभबिंदू थोडा पुढे सरकलेला असतो. फिरण्याच्या दिशेने निघालेल्या झोताला तेवढं जास्त अंतर कापावं लागतं, उलट निघालेल्याला तेवढं कमी. दोघांच्या येण्याच्या वेळेतला फरक 4AΩ/c² इतका निघतो. इथे A म्हणजे मार्गाने वेढलेलं क्षेत्रफळ. जॉर्ज सान्याक याने १९१३ मध्ये फिरत्या टेबलावर आरसे बसवून हा परिणाम दाखवला, म्हणून तो त्याच्या नावाने ओळखला जातो.

फायबरचे अनेक वेढे घेतले की क्षेत्रफळ तितक्या पटीने वाढतं. फायबरची लांबी L आणि वेटोळ्याचा व्यास D घेऊन कलांतर असं लिहितात:

```
Δφ = 2π·L·D·Ω / (λ·c)
```

या सूत्रात c हा निर्वातातलाच वेग आहे आणि λ ही निर्वातातलीच तरंगलांबी. काचेत प्रकाश हळू चालतो म्हणून c च्या जागी c/n टाकण्याचा मोह होतो, पण ते चूक आहे. फिरणारी काच प्रकाशाला थोडं आपल्याबरोबर ओढत नेते. हे ओढणं हिशेबात धरलं की n हा अपवर्तनांक पूर्णपणे गळून पडतो. सूत्रात चुकून n घातला तर स्केल फॅक्टर, म्हणजे कलांतर आणि फिरण्याचा वेग यांचं गुणोत्तर, जवळजवळ दीडपट चुकेल, आणि ती चूक कॅलिब्रेशनच्या वेळीच लक्षात येईल.

आपले आकडे घातले की Ω सोडून उरलेला भाग १.३५ सेकंद येतो. म्हणजे दर सेकंदाला एक रेडियन फिरलं तर १.३५ रेडियन कलांतर. दर सेकंदाला एक अंश फिरलं तर २३.६ मिलिरेडियन. पृथ्वीचा वेग ताशी १५.०४ अंश, म्हणजे सेकंदाला ०.००००७२९ रेडियन आहे. वेटोळ्याचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर असेल तर कलांतर सुमारे ९९ मायक्रोरेडियन मिळतं. जायरो फक्त आपल्या अक्षाच्या दिशेतला घटक मोजतो. पुण्याचा अक्षांश १८.५ अंश आहे. त्यामुळे वेटोळं टेबलावर सपाट ठेवलं, म्हणजे अक्ष उभा, तर ताशी ४.८ अंश आणि ३१ मायक्रोरेडियन मिळतील. अक्ष आडवा करून उत्तरेकडे वळवला तर ताशी १४.३ अंश आणि ९३ मायक्रोरेडियन. आपल्याकडे अक्षांश कमी असल्यामुळे आडवा अक्ष तिप्पट सिग्नल देतो. चाचणीच्या वेळी हे उपयोगी पडेल.

हे आकडे किती लहान आहेत याचा अंदाज बांधणीआधीच यायला हवा. पृथ्वीच्या पूर्ण वेगालाही दोन झोतांच्या मार्गातला फरक जेमतेम २४ पिकोमीटर असतो, हायड्रोजनच्या अणूच्या व्यासाच्या सुमारे चौथ्या हिश्शाएवढा. त्याच वेळी खोली एका अंशाने तापली तर एक किलोमीटर फायबरची प्रकाशीय लांबी जवळपास एक सेंटीमीटरने बदलते. तो सेंटीमीटर दोन्ही झोतांना सारखाच लागू होतो, म्हणूनच हे उपकरण शक्य आहे.

मांडणी: आत जायचं आणि बाहेर यायचं दार एकच

प्रकाशाचा क्रम असा ठेवा. स्रोत, मग फायबर कपलर किंवा सर्क्युलेटर, मग लिथियम नायोबेटची एकात्मिक चिप, आणि चिपच्या दोन शेपट्यांना जोडलेलं वेटोळं. परतलेला प्रकाश त्याच चिपमधून, त्याच कपलरमधून फोटोडायोडकडे येतो. चिपवर तीन कामं एकत्र होतात: प्रोटॉन एक्स्चेंज पद्धतीचा वेव्हगाइड प्रकाशाचं एकच ध्रुवीकरण पुढे जाऊ देतो, वाय आकाराचा फाटा झोत दुभागतो आणि परत जुळवतो, आणि फाट्याच्या दोन्ही हातांवर फेज मॉड्युलेटरचे इलेक्ट्रोड असतात.

चिपऐवजी साधा कपलर वापरून त्याच्या मोकळ्या चौथ्या टोकावर डिटेक्टर लावावा, म्हणजे स्रोताकडचा कपलर वाचेल, असं वाटू शकतं. तसं करू नका. कपलरमधून आरपार जाणाऱ्या आणि ओलांडून जाणाऱ्या प्रकाशात कलांतर असतं. ज्या दाराने प्रकाश आत गेला त्याच दाराने परतणाऱ्या दोन्ही झोतांनी प्रत्येकी एकदा आरपार आणि एकदा ओलांडून असा प्रवास केलेला असतो, त्यामुळे हिशेब तंतोतंत फिटतो. चौथ्या टोकावर एक झोत दोनदा आरपार आणि दुसरा दोनदा ओलांडून येतो. तिथला शून्यबिंदू, म्हणजे न फिरताना येणारं वाचन, कपलरच्या तापमानावर आणि नुकसानीवर अवलंबून राहतो.

ध्रुवीकरणाचंही तसंच. फायबरमध्ये दोन ध्रुवीकरणांचे वेग वेगळे असतात. एक झोत एका ध्रुवीकरणात आणि दुसरा दुसऱ्यात गेला तर मार्ग एकच राहत नाही. म्हणून सामायिक भागात एकच ध्रुवीकरण गाळून घ्यायचं आणि वेटोळ्यासाठी ध्रुवीकरण टिकवणारा फायबर वापरायचा. चिपच्या शेपट्या आणि वेटोळ्याची टोकं जोडताना, दोन्ही फायबरमधल्या ध्रुवीकरण टिकवणाऱ्या ताणदांड्यांची दिशा जुळवणारा स्प्लायसर लागतो. साध्या स्प्लायसरने केलेला जोड प्रकाश नीट पुढे नेतो, पॉवरमीटरवर सगळं ठीक दिसतं, आणि शून्यबिंदू मात्र तापमानाबरोबर भटकत राहतो.

असा फायबर परवडत नसेल तर साध्या दूरसंचार फायबरचं वेटोळं आणि सोबत ध्रुवीकरण मिसळून टाकणारा डिपोलरायझर हा मार्ग आहे. त्यात अर्धा प्रकाश वाया जातो आणि चुंबकीय क्षेत्राचा त्रास वाढतो, पण शिकण्यासाठी तो पुरेसा आहे.

स्रोत रुंद वर्णपटाचाच हवा: सुपरल्युमिनेसंट डायोड किंवा एर्बियम फायबरचा स्रोत. चांगला लेसर इथे घातक ठरतो. फायबरमध्ये जागोजाग प्रकाश मागे विखुरतो आणि लेसरचा विखुरलेला प्रकाश मुख्य झोताशी व्यतिकरण करून गोंधळ घालतो. ४० नॅनोमीटर रुंदीच्या स्रोताची सुसंगत लांबी फक्त ६० मायक्रोमीटरच्या आसपास असते, त्यामुळे ज्यांनी हुबेहूब सारखा मार्ग कापला तेच दोन झोत एकमेकांशी व्यतिकरण करू शकतात. १९७६ मध्ये वाली आणि शॉर्टहिल यांनी युटा विद्यापीठात पहिला फायबर रिंग व्यतिकरणमापी दाखवला. त्यानंतर रुंद वर्णपटाच्या स्रोताकडे झालेला हा बदल या क्षेत्रातलं फार मोठं वळण मानायला हवं.

वेटोळं गुंडाळणं

या कामाला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण इथली चूक नंतर कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सने भरून येत नाही.

जायरोसाठी मिळणाऱ्या बारीक फायबरचा काचेचा व्यास ८० मायक्रोमीटर आणि आवरणासकट साधारण १६५ मायक्रोमीटर असतो. एक किलोमीटरसाठी सुमारे ३,१९० वेढे लागतात. २४ थर आणि प्रत्येक थरात १३३ वेढे घेतले तर वेटोळ्याची रुंदी २२ मिलिमीटर आणि जाडी ४ मिलिमीटरच्या आत राहते. थरांची संख्या चारच्या पटीत का, ते पुढे येतंच आहे.

फायबरच्या टोकापासून z अंतरावरचा एखादा तुकडा तापतो आहे असं समजा. एक झोत तिथून आधी जातो, दुसरा नंतर. मधल्या वेळात त्या तुकड्याची प्रकाशीय लांबी बदललेली असेल, तर दोघांना वेगळा मार्ग मिळतो आणि जायरोला ते फिरल्यासारखं दिसतं. डेव्हिड शूप याने १९८० मध्ये हे दाखवून दिलं. फायबरच्या बरोबर मध्यावर दोन्ही झोत एकाच वेळी पोचतात, म्हणून तिथे परिणाम शून्य असतो. टोकाजवळ हा फरक पूर्ण फेरीच्या वेळेएवढा, म्हणजे ४.९ मायक्रोसेकंद असतो.

हिशेब करून बघू. एका टोकाकडचा १० मीटर फायबर सेकंदाला फक्त ०.०१ अंश सेल्सिअसने तापतो आहे. काचेचा अपवर्तनांक दर अंशाला सुमारे ०.००००१ ने बदलतो. त्यावरून त्या तुकड्यातली फेज सेकंदाला ४ रेडियन वेगाने सरकते. ४.९ मायक्रोसेकंदांत ते होतात २० मायक्रोरेडियन. उभ्या अक्षावर पृथ्वीकडून आपल्याला ३१ मिळणार होते! वेटोळ्याच्या एका बाजूला हात ठेवला किंवा पंख्याची झुळूक लागली तरी एवढं तापमान सहज बदलतं.

उपाय असा की मध्यबिंदूपासून समान अंतरावरचे दोन तुकडे शेजारीशेजारी असावेत, म्हणजे दोघंही सारखेच तापतील आणि त्यांच्या विरुद्ध चिन्हांच्या चुका एकमेकींना खोडतील. त्यासाठी आधी फायबर क आणि ख अशा दोन रिळांवर निम्मा निम्मा, ५०० मीटर प्रत्येकी, गुंडाळून घ्या. मुख्य रिळावर सुरुवात मध्यबिंदूपासून करा. पहिला थर क रिळातून, मग दोन थर ख मधून, मग एक क मधून. हा चार थरांचा संच सहा वेळा म्हणजे २४ थर होतात: क ख ख क, क ख ख क, असं पुढे. यालाच क्वाड्रुपोल गुंडाळणी म्हणतात. संच अर्धवट सोडला तर सममिती बिघडते, म्हणून थर चारच्या पटीत.

ताण काही ग्रॅमच ठेवा, पण शेवटपर्यंत एकसारखा. जास्त ताणाने वेढे एकमेकांवर दाबतात आणि ध्रुवीकरण एकातून दुसऱ्यात गळतं. कमी ताणाने वेढे निसटून खालच्या थरात रुततात. एखादा वेढा दुसऱ्यावर चढलेला दिसला तर तो थर उसवून पुन्हा गुंडाळा, कारण त्या जागी फायबर वाकतो आणि वरचे सगळे थर वाकडे बसतात. मोकळ्या टोकांचा फायबर वेटोळ्याबाहेर जितका कमी आणि दोन्ही टोकांचा जितका शेजारीशेजारी तितका बरा, कारण शूपच्या हिशेबात सगळ्यात महाग तुकडे तेच आहेत. शेवटी वेटोळं धातूच्या झाकणबंद डब्यात बसवा. डबा हवेची झुळूक थांबवतो; तो म्यू-मेटलचा असला तर चुंबकीय क्षेत्रही.

मॉड्युलेशन: उतारावर उभं राहणं

डिटेक्टरवरची तीव्रता 1 + cos Δφ या प्रमाणात बदलते. स्थिर अवस्थेत आपण कोसाइनच्या माथ्यावर असतो. तिथे उतार शून्य, त्यामुळे ३१ मायक्रोरेडियनने काहीच हलत नाही, आणि फिरणं डावीकडे की उजवीकडे हेही कळत नाही.

त्यासाठी वेटोळ्याच्या एका टोकाशी फेज मॉड्युलेटरला साइन लहर द्यायची. एका झोताला ती फेज फेरीच्या सुरुवातीला मिळते, दुसऱ्याला शेवटी, म्हणजे एका फेरीच्या वेळेएवढ्या, τ इतक्या उशिराने. दोघांतला फरक सतत इकडून तिकडे झुलतो आणि आपण माथ्यावरून दोन्ही उतारांवर आळीपाळीने उतरतो. फिरणं शून्य असेल तर दोन्ही उतार सारखे आणि सिग्नलमध्ये फक्त दुप्पट वारंवारिता दिसते. फिरणं सुरू झालं की मूळ वारंवारितेवर, sin Δφ च्या प्रमाणात आणि चिन्हासकट सिग्नल उगवतो. लॉक-इन अ‍ॅम्प्लिफायर तोच वाचतो.

मॉड्युलेटरने दिलेल्या फेजचा पल्ला φₘ आणि वारंवारिता f असेल, तर झुलण्याचा पल्ला 2φₘ sin(πfτ) इतका असतो. तो f = 1/(2τ) ला सर्वात जास्त; हीच वेटोळ्याची स्वतःची वारंवारिता. आपल्या एक किलोमीटरसाठी ती सुमारे १०२ किलोहर्ट्झ येते. ही वारंवारिता पाळण्याचं आणखी एक कारण आहे: मॉड्युलेटर फेजबरोबर तीव्रताही किंचित हलवतो, आणि दोन झोतांतली ती हालचाल बरोबर अर्ध्या आवर्तनाने मागेपुढे असली तरच एकमेकींना खोडते.

आता ती नेमकी शोधायची कशी? १०२ किलोहर्ट्झच्या आसपास कमाल शोधत बसू नका. कमाल बिंदू सपाट असतो, हाती अंदाजच लागतो. त्याऐवजी जनरेटर २०४ किलोहर्ट्झजवळ न्या. तिथे दोन्ही झोतांना अगदी सारखी फेज मिळते आणि दुप्पट वारंवारितेचा, म्हणजे ४०८ किलोहर्ट्झचा, सिग्नल टोकदारपणे शून्याला जातो. ते शून्य पकडा, वारंवारिता लिहून ठेवा आणि निम्मी करा. यावरून फायबरची खरी लांबीही मिळते.

व्होल्टेज ठरवायलाही असाच सरळ उपाय आहे. मूळ वारंवारितेचा सिग्नल पल्ला १.८४ रेडियन असताना कमाल असतो, पण स्थिर जायरोत तो सिग्नल जवळजवळ नसतोच. दुप्पट वारंवारितेचा सिग्नल मात्र स्थिर असतानाही दिसतो आणि त्याचा पहिला कमाल बिंदू ३.०५ रेडियनला येतो. व्होल्टेज हळूहळू वाढवत तो बिंदू शोधा आणि त्या व्होल्टेजला ०.६ ने गुणा. चिपचा अर्धतरंग व्होल्टेज, म्हणजे फेज π ने सरकवणारा व्होल्टेज, ४.५ व्होल्ट असेल तर कमाल बिंदू २.२ व्होल्टच्या आसपास आणि कामाचा व्होल्टेज १.३ व्होल्टच्या आसपास येईल; हे शून्यापासून शिखरापर्यंतचे आकडे आहेत.

डिटेक्टर, आणि तारेतून शिरणारं खोटं फिरणं

दोन मिलिवॉटचा स्रोत घेतला, तर कपलर, चिप, फायबर आणि जोड यांतून जाऊन-येऊन माथ्यावर साधारण ४० मायक्रोवॉट उरावेत. त्याहून फार कमी मिळाले तर आधी जोड तपासा. इंडियम गॅलियम आर्सेनाइडच्या फोटोडायोडमागे ५० किलोओमचा ट्रान्सइम्पीडन्स अ‍ॅम्प्लिफायर लावला की सरासरी सव्वा व्होल्ट मिळतो. बँडविड्थ निदान एक मेगाहर्ट्झ ठेवा, नाहीतर दुप्पट वारंवारितेचा सिग्नल चुकीचा दिसेल आणि वरची सगळी जुळणी फसेल.

पुण्यातल्या उभ्या घटकाचा सिग्नल इथे ३५ मायक्रोव्होल्ट असतो. मॉड्युलेटरला आपण देतो १.३ व्होल्ट, त्याच वारंवारितेला. म्हणजे मॉड्युलेटरच्या तारेतून सुमारे ३७ हजारावा हिस्सा जरी डिटेक्टरच्या सर्किटमध्ये शिरला, तरी तो पृथ्वीएवढा दिसतो. नव्या जायरोत शून्यबिंदू बिघडवणारं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. ओळखायची रीत सोपी आहे: मॉड्युलेशन चालू ठेवून स्रोत बंद करा. लॉक-इनवर जे उरतं ते प्रकाशातून आलेलं नाही. ते उरलं तर डिटेक्टर वेगळ्या धातूच्या डब्यात घ्या, ड्रायव्हर आणि अ‍ॅम्प्लिफायरचे वीजपुरवठे वेगळे करा, जमिनीची जोडणी एकाच बिंदूवर आणा. लॉक-इनमधून तो आकडा वजा करून पुढे जाऊ नका. तार हलली की तो बदलतो.

गोंगाटाची मर्यादा इथे स्रोताकडून येते. ४० नॅनोमीटर रुंद स्रोताच्या तीव्रतेतला स्वाभाविक थरार या प्रकाशपातळीला फोटॉनच्या गोंगाटापेक्षा सुमारे तिप्पट असतो. एकूण हिशेब एक हर्ट्झ बँडविड्थमध्ये अर्ध्या मायक्रोरेडियनच्या आसपास जातो, म्हणजे ताशी ०.०७ ते ०.०८ अंश. ताशी ४.८ अंश त्यात एका सेकंदात स्पष्ट दिसायला हवेत. दिसत नसतील तर अडचण गोंगाटाची नाही, शून्यबिंदूची आहे.

कॅलिब्रेशन आणि पृथ्वीची चाचणी

आधी लॉक-इनची संदर्भ फेज लावा. जायरो फिरत्या टेबलावर ठेवून सेकंदाला एक अंश अशा स्थिर वेगाने फिरवा आणि एका वाहिनीत सिग्नल कमाल, दुसरीत शून्य होईपर्यंत संदर्भ फिरवा. मग वेग वाढवत आणि उलट दिशेनेही काही बिंदू घ्या. स्केल फॅक्टर सेकंदाला दोन-तीन अंशांच्या आतल्या बिंदूंवरून काढा, कारण आपण sin Δφ मोजतो. सेकंदाला १० अंशांवर कलांतर ०.२३६ रेडियन असतं आणि साइनमुळे आकडा जवळजवळ एक टक्का कमी येतो. १३३ अंशांना कलांतर π होतं आणि सिग्नल परत शून्यावर येतो. उघड्या लूपचा हा जायरो मोठ्या वेगासाठी नाही.

आता फिरतं टेबल बंद करा. डबा उभा करून वेटोळ्याचा अक्ष आडवा ठेवा, साधारण उत्तरेकडे. किमान तासभर उपकरण चालू राहून तापमान स्थिर होऊ द्या. १०० सेकंदांची सरासरी घ्या. मग अक्ष आडवाच ठेवून डबा १८० अंश वळवा आणि तेवढीच सरासरी पुन्हा घ्या. पृथ्वीचा घटक चिन्ह बदलतो, शून्यबिंदूची चूक बदलत नाही. दोन आकड्यांतल्या फरकाचा निम्मा म्हणजे पृथ्वी, बेरजेचा निम्मा म्हणजे शून्यबिंदू.

समजा पहिल्या स्थितीत ताशी २१.५ आणि दुसरीत उणे ६.९ अंश आले. फरकाचा निम्मा १४.२, शून्यबिंदू ७.३. पुण्यासाठी अपेक्षित १४.३ आहेत, तेव्हा मोजणी बरोबर आहे, पण ताशी ७.३ अंशांचा शून्यबिंदू मोठा आहे आणि त्याचं मूळ शोधायला हवं. आधी वर सांगितलेली स्रोत बंद करण्याची चाचणी करा. त्यातून काही निघालं नाही तर ध्रुवीकरणाचे जोड बघा.

दर ३० अंशांना वळवून पूर्ण फेरीचे बारा आकडे घेतले तर त्यांची कोसाइन वक्ररेषा मिळते आणि तिच्या माथ्याची दिशा म्हणजे खरी उत्तर, चुंबकीय नव्हे. उत्तर नेमकी हवी असेल तर माथ्यावर मोजू नका. अक्ष पूर्व-पश्चिम ठेवून शून्य शोधा, कारण तिथे एका अंशाच्या वळणाने वाचन ताशी ०.२५ अंशांनी बदलतं, तर माथ्यावर जवळजवळ काहीच नाही. त्या स्थितीत टेबलाची पातळी मात्र जपा. अक्ष एका अंशाने कलला तर उभ्या घटकातून ताशी ०.०८ अंश शिरतात आणि उत्तर एका अंशाच्या तिसऱ्या हिश्शाने चुकते.

वाचन भटकत असेल तर

भटकण्याचा आकार पाहून कारण बरंचसं कळतं. डब्यावर हात ठेवताच वाचन उसळलं आणि तापमान स्थिर झाल्यावर मूळ जागी परतलं, तर तो शूप परिणाम. गुंडाळणीची सममिती किंवा मोकळ्या टोकांची लांबी तपासा. तापमान नव्या पातळीवर स्थिर झालं तरी वाचन परत आलं नाही, तर ध्रुवीकरणाची गळती; अक्ष न जुळलेला जोड शोधा. वाचन शून्यावर ठीक, पण फिरवल्यावर दिवसागणिक वेगळं येत असेल, तर स्केल फॅक्टर हलतो आहे. तो तरंगलांबीच्या व्यस्त प्रमाणात असतो, आणि सुपरल्युमिनेसंट डायोडची मध्य तरंगलांबी दर अंशाला अर्ध्या नॅनोमीटरच्या आसपास सरकू शकते, म्हणजे दहा हजारांत तीन. डायोडच्या आतला शीतक आणि थर्मिस्टर नीट चालतात का ते बघा. चुंबक जवळ नेल्यावर वाचन बदललं तर फायबरला गुंडाळताना पीळ बसला आहे. त्यावर म्यू-मेटलचं आवरण हाच व्यवहार्य उपाय.

नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नसेल तर रात्रभराचा डेटा साठवून अ‍ॅलन विचलनाचा आलेख काढा; सरासरीची वेळ वाढवत नेली की वाचन किती हलतं ते तो दाखवतो. सुरुवातीला रेषा सरासरीच्या वेळेच्या वर्गमुळाबरोबर उतरते, तो गोंगाट. मग ती सपाट होते. तिथला आकडा तुमच्या शून्यबिंदूची खरी स्थिरता. उतरत्या रेषेवर एका सेकंदाच्या सरासरीचा आकडा वरच्या हिशेबातल्या ताशी ०.०७ अंशांच्या जवळ असेल, तर प्रकाशाचं काम झालं आहे. रेषा काही मिनिटांतच वर वळत असेल तर ती वेटोळ्याकडे बोट दाखवते, आणि तेव्हा इलेक्ट्रॉनिक्स बदलण्यात वेळ न घालवता डबा आणि गुंडाळणीकडे परत जावं.

मोठ्या वेगांसाठी आणि स्केल फॅक्टर पक्का ठेवण्यासाठी पुढचं पाऊल म्हणजे बंद लूप. चिपला साइनऐवजी चौकोनी लहर देतात, आणि सोबत दर τ ला एक पायरी चढणारी फेजची शिडी. पायरीची उंची फिरण्याच्या कलांतराला बरोबर खोडेल अशी ठेवतात. मग कलांतर नेहमी शून्यावर राहतं आणि पायरीची उंची हेच वाचन होतं. व्होल्टेज अनंत चढू शकत नाही, म्हणून 2π झालं की शिडी खाली आणतात. ही उडी नेमकी 2π चीच असावी लागते. ती थोडी कमीजास्त झाली तर प्रत्येक उडीला सिग्नलमध्ये टोचा उठतो, आणि त्या टोच्याचा आकार मोजूनच शिडीचा व्होल्टेज दुरुस्त करत राहतात.